पन्नास रुपयांचा पूल आणि ‘सवय’ मोजायची कशी?

2022 च्या आयपीएलमध्ये मी आमच्या ऑफिसच्या पूलची एक्सेल शीट सांभाळायचे. एमएस्सी झाल्यावर आणि पीएचडीला लागण्याआधी मी पुण्यात एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये नोकरी करत होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही बाराजण होतो. प्रत्येक मॅचला प्रत्येकाने 50 रुपये लावायचे, टॉसच्या आधी म्हणजे संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर टीमचं नाव टाकायचं, आणि हरणाऱ्यांचे पैसे जिंकणाऱ्यांत सारखे वाटायचे. हिशेब दर शनिवारी यूपीआयने. मी सगळ्यात ज्युनियर आणि एक्सेल येणारी, त्यामुळे शीट आपोआप माझ्याकडे आली.

सीझन संपला तेव्हा माझ्या शीटप्रमाणे शेजारच्या टेबलावरचा सहकारी (त्याला ‘दादा’ म्हणते, सगळे तेच म्हणायचे) फक्त 310 रुपयांनी मागे होता. प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी पट मागे होता आणि त्यातले 3,000 माझ्याकडून उसने घेतलेले होते. हे मला जूनमध्ये त्यानेच सांगितलं. आज त्याला विचारूनच हे लिहितेय.

माझं पीएचडीचं काम उंदरांवर आहे, बक्षीस मिळाल्यावर शिकणं कसं घडतं यावर. त्यामुळे ‘जुगार वाईट’ हे सांगण्याचा मला काही अधिकार नाही, आणि त्यात रसही नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. रोजचा डेटा माझ्या हातात होता, शीट एकदाही चुकली नाही, मग मला काहीच कसं दिसलं नाही? संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी पूलचं गणित बघू. यात कंपनीचा किंवा बुकीचा वाटा नसतो. बाराजणांनी मिळून 600 रुपये टाकले, तर 600च परत वाटले जातात. म्हणजे कुणालाच विशेष अंदाज येत नाही असं धरलं, तर दीर्घकाळात प्रत्येकाची सरासरी शून्याच्या आसपास राहते. त्या वर्षी 74 मॅच होत्या. हिशेबासाठी प्रत्येक मॅच म्हणजे 50 रुपयांची बरोबरीची पैज धरली, तर सीझनअखेरचं प्रमाण विचलन 50 गुणिले 74 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 430 रुपये येतं. बाराजणांपैकी आठ-एक जण अधिक-उणे 430 च्या आत राहणार, एखादा हजाराच्या जवळ जाणार, बस. दोन महिन्यांच्या करमणुकीला हा खर्च काहीच नाही. त्यामुळे ‘पूलमुळे माणूस बुडतो’ हे वाक्य आकड्यांत बसत नाही, आणि दादाही पूलमध्ये बुडाला नाही.

पण पूलमध्ये माणूस पैसे गमावत नसला तरी काहीतरी शिकत असतो. समजा नऊजणांनी आवडत्या टीमवर लावले आणि तिघांनी दुसऱ्या. आवडती टीम जिंकली तर तिघांचे 150 नऊजणांत वाटले जाणार, म्हणजे प्रत्येकी साडेसोळा रुपये. चहा-वडापाव. पण उलटं झालं तर नऊजणांचे 450 तिघांत, प्रत्येकी 150. तुमच्या 50 वर कधी काहीच नाही, कधी 16, तर कधी एकदम 150. कधी आणि किती, ते आधी कळत नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 च्या पुस्तकात कबुतरांवर हेच सविस्तर नोंदवलं होतं: दर ठरावीक टोचांनंतर दाणा दिला तर पक्षी दाणा मिळाल्यावर थोडा थांबतो, पण किती टोचांनंतर मिळेल हे बदलतं ठेवलं तर तो न थांबता टोचत राहतो. आमच्या ग्रुपवर 150 वाल्या संध्याकाळी मेसेजचा पाऊस पडायचा, 16 वाल्या संध्याकाळी एखादा अंगठा.

शिवाय इथे टीम तुम्ही स्वतः निवडता, याचाही परिणाम होतो. एलेन लँगर यांचा 1975 चा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो खरोखरच ऑफिसांत झाला होता. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना सुपर बोलच्या निमित्ताने एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. तिकिटांवर फुटबॉलपटूंची चित्रं होती. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं दिलं. सोडतीच्या आधी विचारलं, हे तिकीट विकणार का आणि कितीला? ज्यांच्या हातात तिकीट दिलं होतं त्यांनी सरासरी 1.96 डॉलर मागितले. ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी 8.67. जिंकण्याची शक्यता दोघांची सारखीच! लॉटरीच्या तिकिटात कौशल्य औषधालाही नसतं, तरी हे असं. क्रिकेटमध्ये तर थोडं कौशल्य खरंच असतं. पिच, दव, टॉस यांचं थोडंफार ज्ञान असतं, आणि त्या थोड्याफारच्या आधारावर माणूस स्वतःला बराच मोठा जाणकार समजायला लागतो. (मीही समजायचे. माझी शीट सांगते की मी 74 पैकी 35 वेळा बरोबर होते. नाणं उडवलं असतं तर 37.)

आता दादाकडे येऊ. दादा लहानपणापासून मुंबईचा फॅन. त्या सीझनमध्ये मुंबईने काय केलं ते तुम्हाला आठवत असेल: पहिल्या आठच्या आठ मॅच हरल्या आणि शेवटी तळाला राहिली. पहिल्या तीन मॅचमध्ये दादाचे पूलचे दीडशे गेले. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. दिल्लीचे 104 वर 6 गेले होते आणि तरी ते जिंकले. कोलकात्याच्या कमिन्सने आमच्या गहुंजेला 14 चेंडूंत अर्धशतक ठोकलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दादाचं म्हणणं ठाम होतं: “मी चुकलो नव्हतो रे, नशीब चुकलं.”

या वाक्यावर टॉम गिलोविच यांचा 1983 चा एक अख्खा अभ्यास आहे. तोही फुटबॉलवर पैसे लावणाऱ्यांचाच. लोक आपल्या आधीच्या पैजांबद्दल काय सांगतात ते त्यांनी नोंदवलं. आपल्याला वाटतं की माणूस हरलेलं विसरतो आणि जिंकलेलं लक्षात ठेवतो. दिसलं ते वेगळंच. लोक हरलेल्या पैजांवर जास्त वेळ बोलत होते, पण बोलता बोलता ती हार ‘जवळजवळ जीत’ बनवत होते. तो कॅच सुटला नसता तर, तो पेनल्टी दिला नसता तर. जिंकलेली पैज मात्र चर्चेविना खात्यात जमा. म्हणजे हरण्यातून मिळायला हवी ती माहिती, ‘माझा अंदाज चुकीचा होता’ ही, मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच कँटीनमध्ये खलास होते. एकटा माणूस हे स्वतःशी करतो. ऑफिसात बाराजण मिळून एकमेकांसाठी करतात, प्रेमाने, चहा पीत. सहकाऱ्यांमधली पैज आणि एकट्याची पैज यांत मला महत्त्वाचा वाटणारा फरक हा आहे.

चौथ्या मॅचपासून दादाने पूलच्या बाहेर, आमच्याच लॅबमधल्या एकाशी, वेगळी पैज सुरू केली. तर्क साधा होता: आधीचे दीडशे गेलेत, ते निघाले पाहिजेत. पूलचे 50 धरून त्याने चौथ्या मॅचला 200 लावले. बंगळुरूकडून हार. एकूण गेले 350. पाचव्याला 400, पंजाबकडून हार, एकूण 750. सहाव्याला 800, लखनौकडून हार, एकूण 1,550. इथे लॅबमधला माणूस थांबला. म्हणाला, एवढे मला झेपत नाहीत. मग त्याच्याच ओळखीतून एक बाहेरचा माणूस निघाला, ज्याला झेपत होते.

21 एप्रिलला सातवी मॅच चेन्नईशी होती, 1,600 रुपये. शेवटच्या षटकात चेन्नईला 17 हवे होते. धोनीने शेवटच्या चार चेंडूंत 16 काढले आणि शेवटच्या चेंडूवर चौकार मारून मॅच नेली. एकूण गेले 3,150. याहून जवळची ‘जवळजवळ जीत’ कुठून आणणार? 23 तारखेला दादाने माझ्याकडे 3,000 मागितले, गाडी गॅरेजला आहे म्हणाला. मी दिले. 24 ला 3,200, परत लखनौ, परत हार. एकूण 6,350.

या आकड्यांकडे नीट बघा. प्रत्येक वेळी रक्कम अशी निवडलीय की ही एक पैज जिंकली तर आधीचं सगळं निघून वर 50 रुपये उरतील. 3,200 लावून मिळवायचे होते ते पन्नासच! दुप्पट करत जाण्याची ही पद्धत बाहेरून बेफिकीर वाटते, पण आतून ती जबाबदार वाटते, कारण हेतू जिंकायचा नसतो, ‘बरोबरी’ करायचा असतो. दादाचे शब्द: “मी खेळत नव्हतो गं, फेडत होतो.” हेन्री लेसिअर या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात जुगाऱ्यांच्या मुलाखतींवर जे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘पाठलाग’ या अर्थाचं आहे. गेलेल्या पैशांचा पाठलाग. आजही निदानाच्या निकषांत हा एक निकष आहे.

30 एप्रिलला मुंबई पहिली मॅच जिंकली. तेव्हा 6,400 लावण्याइतके पैसे दादाकडे नव्हते, त्याने हजार लावले होते. हजार मिळाले. निव्वळ हिशेब अजून 5,350 ने मागे. पण त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या लॅबला मिसळ खाऊ घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं चालू असताना माझी शीट काय दाखवत होती? दर मॅचला पन्नास. कारण पूलचा नियमच तो होता. मी जे मोजत होते त्याला कमाल मर्यादा होती, आणि जे बदलत होतं ते त्या मर्यादेबाहेर घडत होतं. तुम्ही पुढे कुठल्याही विषयात प्रश्नावली किंवा मोजमाप ठरवाल तेव्हा हे आठवा. ‘किती रुपये’ हा चल जुगाराच्या संशोधनात मोहक असतो, कारण तो आकड्यात मिळतो. पण 2001 मध्ये कॅनडात तयार झालेली आणि आज खूप वापरली जाणारी नऊ प्रश्नांची समस्याग्रस्त जुगार मोजपट्टी रुपये-डॉलर विचारतच नाही. ती विचारते: गमावणं परवडणार नाही इतकं लावलंत का? तीच मजा यायला रक्कम वाढवावी लागली का? गेलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत गेलात का? उसने घेतलेत किंवा काही विकलंत का? अपराधी वाटलं का? असेच आणखी चार. प्रत्येकाला ‘कधीच नाही’ ला 0 पासून ‘जवळजवळ नेहमी’ ला 3 पर्यंत गुण, एकूण 27. आठ किंवा जास्त आले तर समस्या गंभीर धरतात, तीन ते सात मध्यम जोखीम.

मी नंतर दादाबरोबर बसून त्याच्या एप्रिल-मेबद्दल हे प्रश्न भरले. सहा आले. हे निदान नाही, मी डॉक्टर नाही, आणि ही चाचणी फक्त चाळणी आहे. पण बघा, 50 रुपयांच्या पूलमधला माणूस मध्यम जोखमीच्या खणात बसला आणि त्याच वेळी माझ्या शीटमध्ये 310 रुपयांनी मागे होता. यात अजून एक अडचण आहे, ती आपल्याकडच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी. ही मोजपट्टी गेल्या 12 महिन्यांबद्दल विचारते. आयपीएल दोन महिन्यांची असते. डिसेंबरमध्ये विचारलं तर माणूस वर्षभराची सरासरी मनात काढून ‘कधीकधी’ म्हणेल, मेमध्ये विचारलं तर ‘बहुतेक वेळा’. वागणं हंगामी असेल तर तुम्ही कोणत्या महिन्यात विचारलंत हेही लिहून ठेवायला लागतं.

मग दादाला ‘सवय’ लागली होती का? बोलण्यात आपण रोज होणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सवय म्हणतो. आमच्या क्षेत्रात या शब्दाला एक कडक चाचणी आहे, आणि ती मला रोज करावी लागते म्हणून सांगते. उंदराला कळ दाबली की खाऊ मिळतो हे शिकवायचं. मग तो खाऊच नकोसा करायचा, उदाहरणार्थ खाल्ल्यावर मळमळेल असं औषध देऊन. आता कळ समोर ठेवली तर उंदीर काय करेल? थोडंच प्रशिक्षण झालेला उंदीर कळ दाबणं कमी करतो: खाऊ नको, तर कळ कशाला? पण अ‍ॅडम्स आणि डिकिन्सन यांच्या ऐंशीच्या दशकातल्या कामात दिसलं की खूप जास्त प्रशिक्षण झालेला उंदीर खाऊ नको असतानाही दाबत राहतो. परिणामाची किंमत संपली तरी कृती चालूच, याला सवय म्हणायचं. माणसांत हे प्रयोगशाळेत दाखवणं मात्र सोपं नाही. सॅन द विट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये आपले एकामागोमाग पाच अयशस्वी प्रयत्न एकाच शोधनिबंधात छापले. त्यामुळे उंदरावरून उडी मारून ऑफिसपर्यंत येताना मी बिचकते, तुम्हीही बिचका.

तरी चाचणीचा तर्क वापरून बघता येतो. दादाच्या पैजेचा ‘खाऊ’ कोणता होता? सुरुवातीला मुंबईची मॅच बघण्यातली मजा आणि ग्रुपवरची चेष्टामस्करी. तो खाऊ काढून घेतला तर तो थांबला असता का? मेमध्ये मुंबई स्पर्धेबाहेर गेली, तरी त्याचं लावणं चालू होतं. ज्या मॅच तो बघतही नव्हता, नाइट शिफ्टला असायचा, त्यांवरही. टॉसवर, पहिल्या षटकात किती धावा यावर. ग्रुपवर त्याचं टीमचं नाव पूर्वी सातला पाच कमी असताना यायचं, आता सकाळी नऊला यायचं, कधी दोन दिवसांचं एकदम. हे माझ्या शीटमध्ये नव्हतं, पण ग्रुपच्या वेळांत होतं, आणि ते मी पाहू शकले असते. माझा अंदाज असा: रकमेपेक्षा, मॅच बघायची नसताना लावलेली पैज ही जास्त बोलकी खूण आहे. अंदाजच म्हणतेय. एका माणसावरून निष्कर्ष निघत नाही, आणि जूनमध्ये आठवून सांगितलेल्या एप्रिलवर तर जपूनच विश्वास ठेवावा. दादाही त्या आठवणीत हारींच्या ‘जवळजवळ जिती’ करत असणारच.

कुणीतरी विचारेलच, मग ती शीट आणि ग्रुपचे मेसेज घेऊन पेपर का लिहीत नाहीस? नाही लिहिता येणार. बाराजणांनी ते मेसेज माझ्यावर विश्वास ठेवून टाकले होते, संशोधनासाठी संमती देऊन नाही. नंतर मागितलेली संमतीही अडचणीची, कारण पूलमध्ये आमचे साहेबही होते आणि साहेबांच्या समोर ‘नाही’ म्हणणं कुणाला जमतं? याच कारणाने पूलमध्ये सामील होणंही कितपत ऐच्छिक होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मला स्वतःला क्रिकेटमध्ये गोडी नव्हती. मी 74 वेळा पैसे लावले, कारण जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नसायचा.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला आणि फॅन्टसी अ‍ॅपवरच्या पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या. ऑफिसच्या पूलला अ‍ॅप लागतच नाही. एक शीट, एक ग्रुप आणि एक ज्युनियर पुरते.

दादाने माझे पैसे जूनपासून महिन्याला 500 असे सहा हप्त्यांत फेडले. मी ऑगस्टमध्ये नोकरी सोडली, तरी हप्ता एकदाही चुकला नाही. शेवटचा 9 नोव्हेंबरला आला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडलेडला टी-ट्वेंटी विश्वचषकाची सेमीफायनल होती. पैसे मिळाल्याच्या मेसेजखाली लगेच त्याचा दुसरा मेसेज आला: “उद्या भारत की इंग्लंड? तुझं मत सांग. फक्त मत.”

मी ‘भारत’ असं टाइप केलं, मग खोडलं, आणि त्याला फोन लावला.